आधी गच्ची पांढरी करा, मग फॉल्स सीलिंगचं बघा

नेरूळ, कोपरखैरणे किंवा ठाण्यातल्या वर्तकनगरसारख्या भागात तळमजला अधिक चार मजल्यांच्या इमारती भरपूर आहेत. त्यांच्या शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांची एप्रिल-मेमधली खरी तक्रार दुपारची नसते, दुपारी सगळेच उकडतात. तक्रार रात्रीची असते. बाहेर खाडीवरून वारा सुटलेला, तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी झोपलेले, आणि इथे रात्री दहा वाजताही पंखा गरम हवाच खाली ढकलतोय. मग कोणीतरी फॉल्स सीलिंग सुचवतं, कोणी गच्चीला पांढरा रंग, कोणी ‘कूल टाइल’. तिन्ही गोष्टींचा उपयोग होतो, पण तिघींचं काम वेगळं आहे. क्रम चुकला तर पैसे जातात आणि खोली तशीच राहते.

आधी ही उष्णता कुठून येते ते पाहू. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आडव्या पृष्ठभागावर, दर चौरस मीटरला दिवसाला साधारण साडेसहा युनिट इतकं ऊन पडतं. युनिट म्हणजे विजेच्या बिलात असतं तेच. दहा बाय बाराची बेडरूम म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. म्हणजे एका खोलीच्या डोक्यावर रोज सत्तर-बहात्तर युनिट. पावसाळ्यातल्या शेवाळाने काळवंडलेला जुना कोबा यातला पाऊण भाग, म्हणजे चौपन्नच्या आसपास युनिट पिऊन घेतो. त्यातली बरीच उष्णता वाऱ्याने आणि आकाशाकडे परत जाते, पण उरलेली काँक्रीटमधून सावकाश खाली उतरते.

‘सावकाश’ हेच इथे महत्त्वाचं. पाच-सहा इंचांचा स्लॅब आणि त्यावर चारेक इंचांचा विटांच्या तुकड्यांचा कोबा, एवढी जाडी पार करायला उष्णतेला सहा-सात तास लागतात. दुपारी एकला वर जो चटका बसतो तो छताच्या खालच्या अंगाला संध्याकाळी सात-आठला पोहोचतो. तेव्हा छत ३८ ते ४० अंशांवर असू शकतं. आपल्या त्वचेचं तापमान ३४ च्या आसपास असतं, म्हणजे छत आपल्याहून गरम. अंगातली उष्णता छताकडे जाण्याऐवजी छताचीच अंगावर येते, आणि खोलीतली हवा फार गरम नसली तरी जीव कासावीस होतो. पंखा तर छताला चिकटलेला गरम हवेचा थर ओढूनच खाली आणतो.

उष्णता छतातूनच येते आहे का, याची आधी खात्री करून घ्यावी. संध्याकाळी साडेसात-आठला स्टुलावर चढून छताला तळहात लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला, मग दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीला. छत आतल्या भिंतीपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर दोष गच्चीचा. पश्चिमेची भिंतही तितकीच गरम असेल तर गच्चीवर काहीही केलं तरी अर्धाच आराम मिळेल, त्या भिंतीला सावली किंवा बाहेरून फिकट रंग लागेल. हजार-दोन हजार रुपयांत मिळणारं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आणखी चांगलं. छत आतल्या भिंतीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त दाखवत असेल तर पुढचं वाचा. मात्र चकचकीत फॉइल किंवा पत्र्यावर हे यंत्र चुकीचं, बहुतेक वेळा कमी तापमान दाखवतं.

रंग: बहात्तरातले चौपन्न की चौदा?

उष्णता परावर्तित करणारा चांगला पांढरा रंग नवा असताना ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन परत फेकतो. आपल्या खोलीच्या हिशेबात चौपन्नच्या जागी चौदा-पंधरा युनिट. फॉल्स सीलिंग या फरकाच्या जवळपास येत नाही, कारण ते आत शिरलेल्या उष्णतेशी झगडतं आणि रंग तिला शिरूच देत नाही.

डब्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एसआरआय’ नावाचा आकडा दिलेला असतो. ऊन किती परतवतो आणि तापल्यावर उष्णता किती सहज सोडतो, या दोन गुणांचा तो एकत्रित आकडा आहे. प्रमाण काळ्या पृष्ठभागाला ० आणि प्रमाण पांढऱ्याला १००. शंभरच्या वर-खाली असलेला रंग घ्यावा. यातल्या दुसऱ्या गुणाकडे लोक दुर्लक्ष करतात. चंदेरी रंग किंवा ॲल्युमिनियमचा थर असलेली डांबरी शीट चमकते, ऊनही बऱ्यापैकी परतवते, पण जी उष्णता घेते ती सहज सोडत नाही. म्हणून साधा पांढरा रंग चंदेरीपेक्षा थंड राहतो. आणि उघडी काळी डांबरी शीट ही गळती थांबवेल, पण उष्णतेच्या बाबतीत तिच्याहून वाईट काही नाही.

कामाची वेळ मार्च ते मेअखेर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, आणि नीट न सुकलेल्या रंगावर पहिली जोरदार सर पडली की तो निघतो. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर हीटच्या आधी करायचं असेल तर गच्ची खरोखर कोरडी झाली आहे का, हे तपासावं लागतं. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या बाजूला थेंब दिसले तर कोब्यात पाणी आहे, थांबा. आत ओल असताना वर रंग मारला की उन्हात तिची वाफ होते, ती रंगाला फुगे आणते आणि महिन्याभरात पोपडे सुटतात. लोक मग कंपनीला दोष देतात.

रंगाच्या आधीची तयारी हेच निम्मं काम आहे. वायर ब्रशने शेवाळ खरवडायचं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचं, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा. शेवाळावर रंग चढवला तर तो शेवाळाला चिकटतो, कोब्याला नाही. भेगा व्ही आकारात उघडून भेगा भरायच्या मसाल्याने भराव्यात. कठड्याच्या पायथ्याचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातला मसाल्याचा गोलसर उतार, फुटला असेल तर तोही दुरुस्त करावा. मग गच्चीवर पाणी ओतून ढाळ बघा. तासाभराने जिथे डबकं उरतं तिथे ॲक्रिलिक रंग टिकत नाही, सतत पाण्यात राहिला की तो मऊ पडतो. ती जागा आधी पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने उचलून घ्यावी.

प्राइमर सांगितला असेल तर तो, आणि त्यावर दोन हात. दुसरा हात पहिल्याला आडवा, आणि मध्ये डब्यावर लिहिलेलं अंतर ठेवून. भर दुपारी रंगकाम करू नये. तापलेल्या कोब्यावर रंगाचा वरचा पापुद्रा लगेच सुकतो, आतलं पाणी अडकतं आणि बारीक भोकं पडतात. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर.

किती रंग लागेल? खरखरीत कोब्यावर दोन हातांना लिटरमागे साधारण तीस चौरस फूट धरा, गुळगुळीत पृष्ठभागावर थोडे जास्त. ५५० चौरस फुटांचा फ्लॅट आणि कठड्याची आतली बाजू मिळून सहाशे चौरस फूट, म्हणजे वीस लिटरची एक बादली. कंत्राटदार त्याच बादलीत बाराशे फूट करून देतो म्हणाला, तर रंगात पाणी जास्त जाणार आहे. बादल्या आपल्यासमोर उघडायला सांगाव्यात, एवढं सांगायला संकोच नको.

फक्त आपल्या बेडरूमवरचाच चौकोन रंगवायचा असेल तर भिंतींच्या बाहेर चारही बाजूंनी किमान तीन फूट जास्त घ्या. काँक्रीटमध्ये उष्णता आडवीही सरकते, त्यामुळे नेमक्या दहा बाय बारावर थांबलात तर कडेच्या भागाला फायदा कमी होतो. दहा बाय बाराचं सोळा बाय अठरा होतं, म्हणजे २८८ चौरस फूट, दहा लिटरमध्ये बसतं. गच्ची सोसायटीची सामाईक मालमत्ता आहे, त्यामुळे एक खोली असो की पूर्ण गच्ची, लेखी परवानगी घ्यावी. गच्ची रंगवण्याचा खर्च सगळ्या सभासदांत वाटला जावा, असा मुद्दा सभेत मांडला की खालच्या मजल्यांवरून विरोध होतो. पण हाच रंग जलरोधकही असेल तर बोलणं सोपं होतं, कारण गळती सगळ्यांना कळते.

अपेक्षा किती ठेवावी? दुपारी गच्चीच्या पृष्ठभागाचं तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरू शकतं, अनवाणी चालून कळतं. छताचं खालचं तोंड संध्याकाळी तीन ते पाच अंशांनी थंड लागतं आणि खोलीतल्या हवेत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. बाहेरच्या हवेपेक्षा खोली थंड करणं रंगाच्या हातात नाही. मेमधला दमटपणा आहे तिथेच राहतो. फक्त डोक्यावरची शेगडी विझते.

बजेट अगदीच कमी असेल तर चुना आहे. चाळलेला चुना आणि थोडा डिंक किंवा चिकटवणारा द्राव मिसळून दोन हात मारले तर उन्हाळाभर तोही चांगलं काम करतो. पहिल्या पावसात बराचसा धुऊन जातो आणि पाइपांत साचतो, म्हणून मेअखेर पाइपांची तोंडं साफ करावी लागतात. भाड्याच्या घरासाठी मला तो वाईट पर्याय वाटत नाही.

टाइल: टिकते, पण वजन विचारा

पांढऱ्या टाइलचा गुण रंगासारखाच, ऊन परतवणं. जास्तीचा फायदा म्हणजे ती धुता येते, तिच्यावर चालता येतं, पापड-कुरडया वाळत घालता येतात, आणि वर्षानुवर्षं टिकते. उष्णता अडवण्यात ती नव्या रंगापेक्षा सरस आहे, असं मात्र नाही. दहा मिलिमीटर जाडीची टाइल उष्णतेला जवळपास काहीच अडवत नाही, सगळं काम तिच्या पांढरेपणाचं. म्हणून ‘कूल टाइल’ म्हणून राखाडी किंवा विटकरी रंगाची टाइल कोणी देत असेल तर तिचा एसआरआय विचारा.

अडचण वजनाची आहे. जुन्या पद्धतीने दोन इंच सिमेंटचा मसाला टाकून त्यावर टाइल किंवा चायना मोझेक बसवलं तर चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास भार वाढतो. ५५० चौरस फूट म्हणजे एक्कावन्न चौरस मीटर, म्हणजे सहा टनांहून जास्त. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर हलत्या भाराची तरतूद साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोची धरतात. तो भार आला-गेला असतो, हा कायमचा. ऐंशीच्या दशकातल्या इमारतीत, जिथे आधीच कोब्यावर कोबा चढलेला आहे, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करूच नये. स्लॅबच्या खालून गंजलेली सळी दिसत असेल तर विषयच संपला, आधी दुरुस्ती.

पृष्ठभाग सपाट असेल तर पातळ टाइल अॅडहेसिव्हवर बसवल्यास भार चौरस मीटरला पंचवीस-तीस किलोंवर येतो. टाइलमध्ये तीन मिलिमीटर फट ठेवून पांढरं ग्राउट भरायचं. साधारण तीन मीटरवर दोन्ही दिशांनी एक रुंद सांधा सोडून तो लवचिक सीलंटने बंद करायचा. हा सांधा कारागीर विसरतात किंवा ‘दिसायला वाईट’ म्हणून टाळतात. टाइल दिवसा फुगते, रात्री आकसते. जागा मिळाली नाही की दोन-तीन उन्हाळ्यांत मधल्या टाइल तंबूसारख्या वर उचलल्या जातात. लाकडी दांड्याने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर खाली पकड सुटली आहे आणि पावसात तिथे पाणी साठणार. आणखी एक, चकचकीत ग्लेझ नको. जुलैमध्ये अशा गच्चीवर पाय घसरून हाड मोडायला वेळ लागत नाही.

सोसायटीला गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचंच असेल, तर टाइलखाली पन्नास मिलिमीटरचे एक्सपीएस, म्हणजे फेसाळ प्लास्टिकचे उष्णतारोधक बोर्ड घालण्याचा विचार तेव्हाच करावा. उष्णतारोधकाची सगळ्यांत योग्य जागा स्लॅबच्या वरच असते, कारण मग स्लॅब तापतच नाही. एरवी केवळ एका खोलीसाठी हा खटाटोप परवडत नाही.

फॉल्स सीलिंग काय करतं, काय करत नाही

फॉल्स सीलिंग लावल्याने स्लॅब थंड होत नाही. उलट थोडा जास्तच तापतो, कारण त्याची उष्णता खोलीत उतरायला अडते. त्याचं काम एवढंच, की तापलेला स्लॅब आणि आपण यांच्यामध्ये आडोसा उभा राहतो. नुसता साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड हा आडोसा म्हणून कमकुवत आहे. स्लॅब बोर्डाला तापवतो आणि बोर्ड आपल्याला, फरक पडतो पण अंश-दोन अंशांचा. ‘मधली हवा उष्णता अडवते’ हे वाक्य अर्धं खरं आहे. वर गरम, खाली थंड असताना पोकळीतली हवा स्थिर राहते हे बरोबर, पण उष्णता मुख्यतः स्लॅबमधून बोर्डाकडे किरणांच्या रूपात जाते. त्यामुळे पोकळी चार इंचांची आठ इंच केली तरी विशेष काही मिळत नाही, खोलीची उंची मात्र जाते.

खरा फरक पाडतं ते बोर्डावर अंथरलेलं पन्नास मिलिमीटरचं ग्लासवूल. तेवढ्याने छतातून खाली येणारी उष्णता नुसत्या बोर्डाच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. दुसरा पर्याय ॲल्युमिनियम फॉइलचा. ते वरून आलेली किरणं खाली फार कमी सोडतं, पण चकचकीत बाजूपुढे किमान इंचभर मोकळी हवा असेल तरच. फॉइलच्या दोन्ही बाजू कशाला तरी चिकटल्या आणि मध्ये हवाच उरली नाही तर ते धातूचा पातळ पत्रा एवढंच उरतं आणि उष्णता त्यातून सरळ निघून येते. फॉइलची चमक खालच्या बाजूला ठेवावी, वरच्या बाजूवर धूळ बसून ती एक-दोन वर्षांत निकामी होते. थर्माकोलच्या शीट स्वस्त मिळतात, पण त्या पोकळीतून वायर जातात आणि थर्माकोल झटकन पेटतो. तो टाळावा.

दहा बाय बाराच्या खोलीला सहा बाय चार फुटांचे पाच बोर्ड पुरतात, तुटफूट धरून सहा मागवावेत. शेवटच्या मजल्यावर ओलीला तोंड देणारा बोर्ड घ्यावा. ग्लासवूल १२० चौरस फूट, प्लास्टिकच्या आवरणात शिवलेलं, म्हणजे तंतू खाली गळणार नाहीत. सांगाड्याचे लोखंडी चॅनेल जस्ताचा थर असलेले असावेत. खाडीच्या हवेत साधे चॅनेल लवकर गंजतात.

पंखा ही यातली नेहमीची चूक. तो स्लॅबमधल्या हुकालाच लांब रॉडने टांगायचा, सांगाड्याला कधीच नाही. पाती जमिनीपासून किमान सात फूट आणि नव्या छतापासून फूटभर खाली हवीत. खोली साडेनऊ फुटांची असेल आणि सीलिंगने सहा इंच घेतले तर नऊ फूट उरतात, हिशेब बसतो. जुन्या सिडको घरात उंची नऊच्या आत असेल तर फॉल्स सीलिंगचा नाद सोडून सगळा पैसा गच्चीवर घालावा. दुसरी चूक म्हणजे कडेने सोडलेली कोव्ह लाइटची उघडी खाच. तिथून पोकळीतली गरम हवा पंख्याने ओढली जाते आणि वर अंथरलेलं ग्लासवूल असून नसल्यासारखं होतं. खाच ठेवायचीच तर ती वरून बंद असावी. डाउनलाइटवर ग्लासवूल थेट टाकू नये, दिव्याचा ड्रायव्हर तापून लवकर जातो.

आणि गळती. फॉल्स सीलिंग लावलं की स्लॅबचा तळ दिसेनासा होतो. ठाणे-नवी मुंबईच्या पावसात ओल महिनाभर वर मुरत राहते आणि बोर्डावर पिवळा डाग येईपर्यंत ग्लासवूल पाण्याने जड झालेलं असतं. म्हणून बोर्ड चढवण्याआधी एक पूर्ण पावसाळा छत कोरडं गेलेलं पाहावं. तेवढा धीर नसेल तर इंजिनिअरला विचारून गच्चीचे पाइप बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास उभं करावं आणि खालून बघावं. सीलिंगमध्ये दीड बाय दीड फुटाचं झाकण ठेवावं, जुलै-ऑगस्टमध्ये टॉर्च घालून पाहायला.

आता आपल्या दहा बाय बाराच्या खोलीचा क्रम. या उन्हाळ्यात गच्ची धुऊन, भेगा भरून, दोन हात पांढरा रंग. त्यानंतर संध्याकाळी आठला छत पुन्हा मोजायचं. आतल्या भिंतीपेक्षा एक-दीड अंशाचाच फरक उरला असेल आणि खोलीत एसी नसेल, तर इथेच थांबावं. ग्लासवूलवाल्या सीलिंगने रात्री उरलेला फायदा किरकोळ असतो. एसी रोज सहा-आठ तास चालत असेल तर पावसाळ्यानंतर सीलिंग करण्यात अर्थ आहे, थंड करायची जागा कमी होते आणि कॉम्प्रेसर लवकर थांबतो.

रंगाचं पुढचं वेळापत्रक सोपं आहे, पण पाळलं जात नाही. पावसाळ्यातलं शेवाळ आणि हायवेची धूळ बसली की ऐंशी टक्के परतवणारा रंग साठ-पासष्टवर येतो, म्हणजे आपल्या खोलीवर चौदाऐवजी पुन्हा पंचवीस-अठ्ठावीस युनिट मुरू लागतात. म्हणून वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर आणि फेब्रुवारीअखेर, मऊ झाडू आणि साबणाच्या पाण्याने गच्ची घासून घ्यावी. वायर ब्रश आता नको, तो रंग खरवडतो. पाण्याच्या टाकीखाली आणि पाइपांच्या तोंडाशी रंग आधी जातो. तिथे दरवर्षी एक हात द्यावा, बाकी गच्चीला तीन-चार वर्षांनी.